कर्मण्ये वाधिका रस्ते

रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता माझा वर्ग सुरू होतो. तिकडे न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. अकरा मुलं, त्यांच्या मागे कुठे कुठे दिसणारे आईवडील, कुणाच्या हातात दुधाचा पेला, कुणाचे केस अजून विंचरायचे राहिलेले. त्या दिवशी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक होता. पाठपत्रक मी आदल्या रात्री पाठवलं होतं. सगळ्यांनी एकेक चरण वाचून दाखवायचा, असं ठरलं. पहिला चरण एका अकरा वर्षांच्या मुलीकडे आला. ती थांबली, पडद्याच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "ताई, यात 'रस्ते' कुठून आले? रस्ते म्हणजे रोड्स ना? कामाचे रस्ते?" मग तिने वहीतलं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. तिने माझं पत्रक उतरवून घेतलं नव्हतं. बाबांच्या टी-शर्टवर जे लिहिलं होतं, ते तिला आधीपासून ठाऊक होतं आणि तेच तिने स्वतःच्या समजुतीप्रमाणे तीन तुकड्यांत मांडलं होतं: कर्मण्ये, वाधिका, रस्ते.

मी तिला उत्तर दिलं, तास पुढे गेला. पण रात्री ताटं आवरताना ते 'रस्ते' पुन्हा पुन्हा आठवत राहिले. तिची चूक नव्हतीच. तिला जो एकमेव ओळखीचा मराठी शब्द त्या अक्षरांत दिसला, तो तिने उचलला. अर्थ शोधणारं कुठलंही मूल हेच करील. मला लागलं ते वेगळंच. मी पाठवलेल्या पत्रकावरही वरची ओळ सलग होती, खाली रोमन अक्षरं होती, त्याखाली मराठी भावार्थ होता. सगळं बरोबर होतं आणि तरीही तिला त्यातून शब्द सापडले नव्हते. ओळ आणि भावार्थ यांच्यामध्ये जी पायरी असायला हवी, तीच मी गाळली होती.

हा श्लोक घराघरांत 'कर्मण्ये वाधिकारस्ते' असा तोडून लिहिलेला दिसतो. कपांवर, दिनदर्शिकांवर, गाड्यांच्या मागच्या काचेवर. ही तोड कुठून आली असेल, ते मला माहीत आहे, कारण मी ती ऐकत वाढले. आमची आजी पहाटे चूल पेटवताना दुसरा अध्याय म्हणायची. ओल्या लाकडाचा धूर, फुंकणीचा आवाज आणि मधे मधे श्लोक. फुंकणी तोंडाला लावायची वेळ आली की श्लोक तिथेच थांबायचा आणि मग पुढून सुरू व्हायचा. 'कर्मण्ये' म्हणून ती किंचित टेकायची आणि 'वाधिकारस्ते' एका दमात म्हणायची. अनुष्टुभाच्या आठ अक्षरांचा चरण म्हणताना मधे असं टेकणं जिभेला सोपं जातं. तिला कुणी तो लिहून दिला नव्हता, तिने तो कानाने घेतला होता. कानाने घेतलेल्या गोष्टीत शब्दाची सीमा नसते, श्वासाची असते. आणि आपण लिहिताना श्वासाची सीमा हीच शब्दाची सीमा समजून तिथे मोकळी जागा सोडली.

आता ती जागा नेमकी कुठे सुटायला हवी, ते पाहू. मूळ शब्द चार आहेत: कर्मणि, एव, अधिकारः, ते. 'कर्मणि' संपतं ऱ्हस्व इकारावर आणि पुढे 'एव'चा ए येतो. इ च्या पुढे वेगळा स्वर आला की इ चा य् होतो. म्हणून ण् ला य् चिकटतो आणि त्यावर ए बसतो, 'कर्मण्येव'. मग 'एव'चा शेवटचा अ आणि 'अधिकारः'चा पहिला अ, हे दोन सारखे स्वर मिळून आ होतात, 'एवाधिकारः'. शेवटी 'अधिकारः' या शब्दाचा विसर्ग पुढच्या 'ते'मधल्या त् मुळे स् होतो, 'अधिकारस्ते'. म्हणजे 'ण्ये' या एका अक्षरात पहिल्या शब्दाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं एकत्र बसलेलं आहे, आणि 'वा'मध्ये दुसऱ्याचं शेपूट आणि तिसऱ्याचं डोकं. देवनागरीत ही दोन अक्षरं मधोमध कापता येत नाहीत. कापायचीच म्हटलं तर संधी सोडवून शब्द पुन्हा मूळ रूपात लिहावे लागतात. यालाच पदच्छेद म्हणतात. संधी न सोडवता नुसती मोकळी जागा घातली, तर ती हमखास चुकीच्या ठिकाणी पडते.

आणि इथे एक अशी गंमत आहे की जिच्यामुळे चांगले शिकलेले लोकही फसतात. चुकीची तोड व्याकरणाने अगदीच अशक्य नाही! मागच्या वर्षी मोठ्यांच्या वर्गात एका गृहस्थांनी आपट्यांचा संस्कृत कोश उघडून मला दाखवलं की 'कर्मण्य' असा शब्द खरोखर आहे, कामात निपुण या अर्थाचा. त्याची सप्तमी 'कर्मण्ये'. मग 'वा' म्हणजे किंवा, आणि 'वा' अधिक 'अधिकारः' बरोबर 'वाधिकारः'. सगळं नियमात बसतं. त्यांनी मोठ्या आनंदाने विचारलं, मग चूक कशावरून? मला हा प्रश्न फार आवडला. चूक ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, 'वा' म्हटलं की दोन गोष्टी लागतात, हे किंवा ते. इथे दुसरी गोष्टच नाही, 'किंवा' हवेत लोंबकळत राहतो. दुसरी, पुढच्या चरणात 'फलेषु' आहे. ते कशाच्या तरी समोर उभं आहे. कर्म आणि फल ही जोडी आहे, म्हणून इकडे 'कर्मणि'च हवं. पण त्या तोडीने सगळ्यात मोठं नुकसान होतं ते वेगळंच. 'एव' नाहीसा होतो. 'कर्मातच' यातला 'च' गिळला जातो. आणि पहिल्या चरणाचं सगळं वजन त्या 'च'वर आहे.

एवढ्या दोन अक्षरांचा शब्द, तो टी-शर्टवर हरवला.

रोमन अक्षरांचं प्रकरण मला सुरुवातीला नको होतं. मुलं देवनागरी शिकतील, मग वाचतील, असा माझा हट्ट होता. पण आठवड्याला एका तासात देवनागरी जोडाक्षरं येईपर्यंत दोन वर्षं जातात आणि तोवर मूल श्लोकाला कंटाळतं. शेवटी मी तडजोड केली आणि दोन्ही द्यायला लागले. साधं रोमन, म्हणजे आपण फोनवर मराठी लिहितो तसं, संस्कृतसाठी पुरत नाही. त्यात ण आणि न एकच, त आणि ट एकच, अ आणि आ एकच. म्हणून टिंबं आणि रेघा असलेली पद्धत घ्यावी लागते, जिचं मूळ 1894 साली जिनिव्हाला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत ठरलेल्या लेखनात आहे. आडवी रेघ म्हणजे दीर्घ स्वर, ण, ष अशा अक्षरांखालचं टिंब म्हणजे मूर्धन्य, जीभ टाळ्याकडे वर वळवून. त्या पद्धतीत हा श्लोक असा दिसतो:

```
karmaṇyevādhikāraste mā phaleṣu kadācana |
mā karmaphalaheturbhūrmā te saṅgo'stvakarmaṇi ||
```

हे पाहून मुलांनी सगळ्यात आधी काय केलं, तर 'कदाकाना' वाचलं. कारण त्यांच्या शाळेत `c` म्हणजे क. या पद्धतीत मात्र `c` म्हणजे च, आणि `ch` म्हणजे छ. हे एकदा सांगून भागत नाही. मी पत्रकाच्या डोक्यावर एक चौकट करून त्यात फक्त चार अक्षरं ठेवते, जी इंग्रजीच्या सवयीने हमखास चुकतात: `c`, `ph`, `th` आणि `ṣ`. `ph` पाहून मुलं फोनमधला 'फ' म्हणतात, दात ओठावर टेकवून. 'फलेषु'मधला फ तसा नाही, तो प आणि त्यामागून सुटलेला श्वास आहे. हातावर कागदाचा कपटा ठेवून प आणि फ म्हणायला लावलं की मुलांना तो फरक कळतो. कपटा उडाला की फ. आणि हे करताना माझ्या लक्षात आलं की आपणही आता फळ, फूल हे शब्द दात लावूनच म्हणतो. माझा कपटा पहिल्या खेपेला हलला नाही.

पण याहून मोठी गोष्ट मला त्या मुलांनीच शिकवली. मी आयुष्यभर 'कदाचन्' म्हणत आले. शेवटचा न हलन्त असल्यासारखा. मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा अ म्हणतच नाही, 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो, आणि ही सवय संस्कृत वाचताना नकळत सोबत येते. देवनागरी त्या अ ची वेगळी खूण दाखवत नाही, म्हणून डोळ्यांना ती खटकत नाही. रोमनमध्ये मात्र शेवटी `a` ढळढळीत लिहिलेला असतो. एका आठ वर्षांच्या मुलाने तो वाचला, 'कदाचन', न वर पूर्ण टेकून, आणि मला छंद ऐकू आला. मा, फ, ले, षु, क, दा, च, न. आठ अक्षरं. मी म्हणत होते तसं म्हटलं तर सातच होतात आणि चरण लंगडतो. आजीचा आवाज आठवून पाहिला. ती 'कदाचन' पूर्णच म्हणायची, न जरासा लांबवून. तिला छंदाचा नियम कुणी सांगितला नसेल, पण आठवं अक्षर ती कधी गिळत नव्हती. पाचवं अक्षर लघु आणि सहावं गुरू, हा अनुष्टुभाचा नियम मी नंतर पुस्तकातून पाठ केला. चारही चरणांत तो बसतो का, हे मुलांकडून बोटांवर मोजून घेते. 'धि' लघु, 'का' गुरू. 'क' लघु, 'दा' गुरू. 'ल' लघु, 'हे' गुरू. चौथ्या चरणात 'स्त्व' लघु आणि 'कर्' गुरू. ज्याचा अ गिळला गेला त्याची मोजणी चुकते आणि ते त्याला स्वतःलाच कळतं.

त्या रविवारनंतर मी पत्रक बदलायला बसले. जुन्या व्याख्यानपद्धतीत पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी पदच्छेद, मग प्रत्येक पदाचा अर्थ, मग समासाचा विग्रह, मग वाक्याची जुळणी, आणि शेवटी शंका आणि तिचं उत्तर. मी थेट चौथ्या पायरीवरून उतरत होते. आता पदच्छेद वेगळ्या ओळीत लिहिला:

```
karmaṇi eva adhikāraḥ te mā phaleṣu kadācana
mā karma-phala-hetuḥ bhūḥ mā te saṅgaḥ astu akarmaṇi
```

आणि अर्थ मी न सांगता मुलांना घरून शोधून आणायला सांगितले. जे शब्द आले ते पाहून मी थक्क झाले. 'ते' या शब्दाखाली चार जणांनी 'ते लोक' लिहिलं होतं. 'कदाचन'खाली एका आईने मदत करून 'कदाचित' लिहून दिलं होतं. म्हणजे 'कदाचित फळात नको', अर्थ उलटाच! आपल्या भाषेतले शब्द संस्कृतातून आलेले आहेत म्हणून आपल्याला संस्कृत सोपं, असं आपण मानतो. पण घात हाच ओळखीचा चेहरा करतो. अमेरिकेत वाढलेला आणि मराठी न येणारा एक मुलगा आमच्या वर्गात आहे. त्याने कोशात पाहून 'ते'चा अर्थ 'तुझा' असा बरोबर लिहिला, कारण त्याला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

सगळ्यात जास्त मुलं अडकली ती 'भूः'पाशी. अकरातल्या सहा जणांनी लिहिलं, पृथ्वी. गायत्री मंत्राआधी आपण 'भूर्भुवः स्वः' म्हणतो, तोच भू. 'कर्मफलाचा हेतू पृथ्वी नको' असं एक वाक्य एकीने जुळवलंही होतं. आता इथे कोश मदत करत नाही, कारण कोशात 'भूः' नाम म्हणून सापडतो आणि मूल समाधानाने वही मिटतं. इथे वाक्याला प्रश्न विचारावा लागतो. खंडान्वयाची रीत तीच, आधी क्रियापद शोधायचं आणि मग त्याला कोण, काय, कशात असं विचारत जायचं. मी विचारलं, तिसऱ्या चरणात क्रियापद कोणतं? शोधाशोध झाली. 'मा' हे नकार, 'कर्मफलहेतुः' हे नाम. उरतं काय? फक्त 'भूः'. मग तेच क्रियापद असलं पाहिजे. आणि ते आहेच. 'अभूः' म्हणजे तू झालास. संस्कृतात भूतकाळाची खूण म्हणून धातूच्या आधी एक अ लागतो. पण 'मा' या निषेधाबरोबर तेच रूप वापरलं की तो अ गळून पडतो, आणि काळही गळून पडतो. उरतं 'मा भूः', होऊ नकोस. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला 'क्लैब्यं मा स्म गमः' आहे, तिथेही 'अगमः'मधला अ गेलेला. आणि अठराव्याच्या शेवटाकडे 'मा शुचः'. वाईट वाटून घेऊ नकोस. कृष्ण अर्जुनाला अगदी जवळ घेऊन 'नको रे' म्हणतो, तेव्हा अनेकदा हीच घडण दिसते. मुलांना मी हे तिन्ही एकाखाली एक लिहून दाखवले. गमः, भूः, शुचः. जाऊ नकोस, होऊ नकोस, रडू नकोस. त्या सहा जणांपैकी एकाने पृथ्वी खोडली, पण खोडताना बाजूला छोटा गोल काढून ठेवला. त्याला ती आवडली होती.

'अधिकार' या शब्दाने मात्र मला सगळ्यात जास्त दिवस जागं ठेवलं. मराठीत अधिकार म्हणजे हक्क, सत्ता, खुर्चीवर बसलेला अधिकारी. पत्रकात मी 'हक्क' असं लिहीत आले होते. 'कर्मावर तुझा हक्क आहे, फळावर नाही.' हे वाक्य मुलांना अन्यायाचं वाटतं. एका मुलाने स्पष्टच विचारलं, मी अभ्यास करायचा आणि मार्कांवर माझा हक्क नाही, हे फेअर कसं? त्याला उत्तर देताना मी भावार्थाकडे पळाले, आणि पळताना मला कळलं की शब्दाचं काम मी केलेलंच नाही.

'अधिकार'चं घर यज्ञकर्मात आहे. मीमांसकांचा, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचा, प्रश्न असा असायचा की अमुक यज्ञ कुणी करावा. 'स्वर्गकामो यजेत', स्वर्ग हवा असलेल्याने यज्ञ करावा. म्हणजे ज्याला ते फळ हवं आहे, तोच त्या कर्माचा अधिकारी. इतकंच काय, लौगाक्षी भास्कराच्या अर्थसंग्रहात अधिकारविधीची व्याख्याच अशी आहे की कर्मातून निपजणाऱ्या फळाचा मालक कोण, हे सांगणारा विधी. अधिकार आणि फळाची मालकी या शास्त्रात एकमेकांना बांधलेल्या आहेत. फळाची इच्छा हाच कर्मात शिरायचा दरवाजा. हे ध्यानात ठेवून आता पुन्हा श्लोक वाचला, की 'कर्मणि एव' किती धीट आहे ते दिसतं. तो शब्द तोच घेतो, पण त्याची दोन टोकं सोडवून ठेवतो. अधिकार कर्मात, तिथेच. फळांत तो कधीही नसो. आणि याच्या आधीचे काही श्लोक वेदातल्या फळांच्या फुललेल्या भाषेविषयीच आहेत, भोग आणि ऐश्वर्य यांच्या मागे लागलेल्यांविषयी. त्यांच्यानंतर दोन श्लोक सोडून हा येतो. 'हक्क' म्हटलं की यातलं काही उरत नाही, नुसता वाटणीचा तंटा उरतो. विनोबांनी गीताईत 'अधिकार' न ठेवता 'भाग' हा शब्द घेतला, आणि मला वाटतं त्यांना हीच अडचण दिसली असावी. मी पत्रकात आता 'तुझं काम, तुझं क्षेत्र' असं लिहिते. पुरेसं नाही, पण मुलं भांडत नाहीत, विचार करतात.

आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली. 'कर्मणि' एकवचनी आहे, 'फलेषु' अनेकवचनी. काम एक, फळं खूप. हे माझ्या नजरेतून इतकी वर्षं सुटलं होतं.

मग उरला माझा भावार्थ. 'कर्म करत राहा, फळाची अपेक्षा करू नकोस.' हे वाक्य मी शाळेत शिकले, भाषणांत ऐकलं, स्वतः शंभर वेळा सांगितलं. पदच्छेदाच्या प्रत्येक शब्दाखाली अर्थ लिहून झाले आणि मी 'अपेक्षा' हा शब्द कुठे बसतो ते शोधू लागले. तो कुठेच नाही. 'करत राहा' असा आदेशही नाही, पहिल्या ओळीत तर क्रियापदच नाही, 'आहे' किंवा 'असो' आपण वरून घ्यायचं. मग ही अपेक्षा कुठून आली? थोडी पुढच्या 'हेतू'मधून आली. 'कर्मफलहेतुः' या समासाची सोडवणूक दोन तऱ्हांनी होते. शंकराचार्य तो सरळ षष्ठीसारखा घेतात, कर्मफळाच्या प्राप्तीला कारण होणारा. तृष्णा धरलीस तर फळ, म्हणजे पुढचा जन्म, तुझ्यामुळे ओढवेल, तसं कारण होऊ नकोस. गीतेचे जुने टीकाकार श्रीधरस्वामी तो बहुव्रीही घेतात, कर्मफळ हाच ज्याचा प्रवृत्तीचा हेतू आहे असा माणूस. तसा होऊ नकोस. अक्षरं तीच, विग्रह वेगळा आणि माणूस वेगळा. पहिल्यात तो कारण आहे, दुसऱ्यात त्याला कारण आहे. मुलांना मी दुसरा शिकवते आणि पहिला आहे एवढं सांगून ठेवते.

आणि उरलेली अपेक्षा आली आपल्या माऊलींकडून. ज्ञानेश्वरीत या श्लोकावरच्या ओवीत आहे, 'परी कर्मफळीं आस न करावी'. तीच आस पुढे शाळेच्या पुस्तकात 'अपेक्षा' झाली असणार. त्याच ओवीत 'कुकर्मीं संगति न व्हावी' असं म्हटलंय. म्हणजे 'अकर्मणि'चा अर्थ त्यांनी वाईट कर्म असा घेतला, तर इतर बरेच जण काम न करणं असा घेतात. आणि शेवटी सत्क्रिया करावी ती 'हेतूविण'. मला हे सगळं फार मोलाचं वाटतं, ती ओवी मला तोंडपाठ आहे आणि ती म्हणताना आजही घसा भरतो. पण ती ओवी म्हणजे श्लोकाचा शब्दार्थ नव्हे. तो एका थोर वाचकाने श्लोकाशी केलेला संवाद आहे. पत्रकावर मी आता त्याला वेगळी जागा दिलीय, सगळ्यात खाली, रेघ मारून. वरच्या भागात ज्या शब्दाखाली जे आहे तेच. जे शब्दात नाही ते कंसात, म्हणजे '(आहे)', '(असो)'. मुलं कंस मोजतात. ज्याच्या भाषांतरात कंस कमी, तो जिंकला, असा खेळ त्यांनी आपापसात सुरू केलाय.

गेल्या रविवारी पुन्हा त्याच मुलीची पाळी आली. नवं पत्रक समोर होतं. त्यावर मी दोन खुणा केल्या होत्या, शब्द संपतो तिथे बारीक उभी रेघ आणि श्वास घ्यायचा तिथे छोटा पक्षी. तिने सांगितलं की तिच्या आजीशी तिने फोनवर हा श्लोक म्हणून पाहिला. आजी 'कर्मण्ये'नंतर थांबली. "मी आजीला सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली, चूक केली का असं विचारावं तसं. मी म्हटलं, बरं केलंस. आजीला श्वास घेऊ दे.

मग तिने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ रेघांप्रमाणे, संथ, पण न तोडता, कर्मण्येवाधिकारस्ते. 'कदाचन'चा न तिने पूर्ण म्हटला. दुसऱ्या ओळीत 'हेतुर्भूर्मा'पाशी मात्र ती अडली. शब्दाची रेघ भू नंतर होती, पक्षीही तिथेच होता, आणि छापलेला र् मात्र पुढच्या मा वर चढून बसलेला. "ताई, इथे मी श्वास घेतला तर हा र् कुठे जाईल?" मी म्हटलं, पुढे मा लगेच आलाच नाही, तर तो र् व्हायचं कारणच राहत नाही, त्याचा पुन्हा विसर्ग होतो. तिने वहीत काहीतरी लिहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. 'मा कर्मफलहेतुर्भूः', आणि तिथे थांबली. विसर्गाचा तो हलका 'हु' तिच्या खोलीतून इकडे स्वयंपाकघरात ऐकू आला. मग तिने श्वास घेतला आणि पुढचा 'मा' म्हटला.